गोळी फेकू नका गं

मुलींनो, मागच्या आठवड्यात लोहाच्या दोन गोळ्या खिडकीखाली सापडल्या. मी रागावलेली नाही, पण भीती कशाची वाटते ते मला सांगा. या गोळीने रंग काळा पडत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. पाळीतही ती घ्यायचीच. रक्त जातं तेव्हा लोहही जातं. शी काळी होते, ते न शोषलेलं लोह असतं, घाबरू नका. मळमळतं? मग जेवणानंतर घ्या, चहा मात्र तासभर नको.

उद्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन बघू. 12 ग्रॅमच्या खाली आलं, तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही, डॉक्टरांकडून उपचार घ्यावे लागतात. कुणाचाही आकडा वर्गात वाचणार नाही.