इंदूरच्या सराफ्यातला गराडूवाला

सराफ शटर ओढतात तेव्हा माझं दुकान उघडतं.
सोनं आत, तेल बाहेर.
ओटा त्यांचा, कढई माझी;
जाताना ओटा धुऊन द्यायचा, हा आमचा जुना करार,
कागदावर कुठंच नाही.

गराडूचा कंद सोलताना हात खाजतात,
म्हणून आधी तेल चोळायचं, आईनं शिकवलेलं.
फोडी जाडसर ठेवायच्या, मंद आचेवर तळून उपसायच्या,
गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत, खरपूस होईपर्यंत.
वरून लिंबू, वरून जिरावण.
जिरावणात काय काय पडतं ते विचारू नका,
सुनेलासुद्धा अजून अर्धंच सांगितलंय.

"काका, तुम्ही मराठी?" पुण्याची पोरगी दचकते.
हो बाई, राजवाडा इथून हाकेवर आहे,
होळकरांच्या गावात मराठी माणूस काय नवलाचा?
दिवसभर "भिया, भिया" करतो,
पैसे मात्र मराठीत मोजतो.

फोटो काढा, खुशाल काढा,
पण कढईचा. मला घाम पुसू द्या आधी.
आणि "बिचारे, एवढ्या रात्री!" असं पुटपुटू नका, ऐकू येतं मला.
रात्र माझी कामाची वेळ आहे,
थोरलीची इंजिनिअरिंगची फी हिच्यातूनच गेली.

लिंबू महाग झालं तरी फोड बारीक केली नाही,
तेव्हा भावात घासाघीस नको.
थंडी सरली की गराडू संपतात,
मग कुल्फी. तेव्हाही या.

साल ओल्या डब्यात हं, इंदूर आहे हे.
बोला ताई, किती प्लेट?