काल्याच्या किराण्याचं बिल, ओळी-ओळीनं मांडलेलं

राम राम मंडळी. सप्ताहाच्या किराण्याचं बिल फोटोत नीट दिसत नाई, मधात घडी पडली हाय, अन् काकाजी दोनदा म्हणाले का १७,४४६ कसे झाले ते समजावून सांग. म्हून रात्री बसून एकेक ओळ वहीवर काढली, तेच इथं टाकून रायलो. बिल १० ओळीचं हाय, भाव सगळे टॅक्स सोडून लावल्ले हायेत. ज्याले तपासायचं त्यानं मोबाईलचं कॅल्क्युलेटर घेऊन सोबत बसा.

रीत एकच. नग गुणिले भाव, त्यातून सूट वजा, जे उरलं त्यावर जीएसटी. सूट बिलावरच लिहून दिली असंन तं टॅक्स सूट काढून उरलेल्या रकमेवरच लागते, मूळ रकमेवर नाई. हे ध्यानात ठेवा, पुढं कामी येते.

ओळ १. तूर डाळ, सुटी, ३० किलो, भाव ११२
३० × ११२ = ३,३६०.००
सूट २ टक्के = ६७.२०
उरले ३,२९२.८०, टॅक्स ०
पोत्यातून मोजून देल्ली सुटी डाळ, त्याले जीएसटी नसते. तीच डाळ किलो-किलोच्या छापील पुड्यात घेतली असती तं ५ टक्के लागला असता.

ओळ २. तांदूळ, ३० किलोचे २ कट्टे, कट्ट्याले १,४४०
२ × १,४४० = २,८८०.००
सूट २ टक्के = ५७.६०
उरले २,८२२.४०
इथं थांबा. बिलात या ओळीपुढं ५ टक्के टॅक्स, १४१.१२ लावला हाय. पण तांदूळ-डाळ-पिठाचा टॅक्स १८ जुलै २०२२ पासून लागला तो २५ किलोपर्यंतच्या बंद लेबलवाल्या पाकिटाले. आपला कट्टा ३० किलोचा, वजन त्याच्यावरच छापलं हाय, रिकामे कट्टे मंदिराच्या ओट्यावर पडले हायेत, जाऊन पाहा. म्हंजे टॅक्स ०, ओळीचे २,८२२.४०च. (दुकानातल्या मशीनमधी तांदूळ म्हटला का सरसकट ५ घालून ठेवला असंन, पोराचा दोष नाई, तो फक्त बटन दाबते.)

ओळ ३. साखर, २५ किलो, भाव ४२
२५ × ४२ = १,०५०.००, सूट नाई
टॅक्स ५ टक्के = ५२.५०
ओळीचे १,१०२.५०
साखरेले सुटी असो का बंद, ५ लागतेच, इथं भांडण नाई.

ओळ ४. सोयाबीन तेल, १५ किलोचे ३ डबे, डब्याले २,०५०
३ × २,०५० = ६,१५०.००
सूट ३ टक्के = १८४.५०
उरले ५,९६५.५०
टॅक्स ५ टक्के, म्हंजे सीजीएसटी अडीच टक्के १४९.१४ अन् एसजीएसटी अडीच टक्के १४९.१४, मिळून २९८.२८
ओळीचे ६,२६३.७८
बिलात टॅक्स ३०७.५० हाय. मी तीनदा गुणलं, जुळेच ना. मंग ध्यानात आलं का ६,१५० चे ५ टक्के बरोबर ३०७.५० होते, म्हंजे सूट काढायच्या आंधीच टॅक्स काढला. ९.२२ जास्त. रक्कम लहान हाय पण पुढच्या वर्षी १० डबे घेतले तं मोठी होईन.

ओळ ५. बेसन, किलोची पाकिटं १०, भाव ८६
८६०.००, सूट नाई, टॅक्स ५ टक्के ४३.००, ओळीचे ९०३.००
बुंदीचं हेच, अन् बुंदी कमी पडली म्हणून जे ओरडत होते त्याईनं ही ओळ वाचा.

ओळ ६. चहापत्ती, २ किलो, भाव ३८०
७६०.००. सुटीचा टक्का नेमका घडीत गेला, पण रक्कम ३८.०० दिसते. ३८ भागिले ७६० गुणिले १०० = ५, म्हंजे सूट ५ टक्के.
उरले ७२२.००, टॅक्स ३६.१०, ओळीचे ७५८.१०

ओळ ७. तिखट, किलोची पाकिटं ३, भाव २४०
७२०.००, सूट ५ टक्के ३६.००, उरले ६८४.००, टॅक्स ५ टक्के ३४.२०, ओळीचे ७१८.२०

ओळ ८. कपडे-भांड्याची पावडर, ४ किलो, भाव ९०
३६०.००, सूट नाई, टॅक्स १८ टक्के ६४.८०, ओळीचे ४२४.८०
वहिनीनं विचारलं होतं का साबणाले ५ झाला मंग यालेच १८ काऊन? आंगाच्या साबणाच्या वडीले २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला, पावडर १८ मधीच हाय. बिल बरोबर.

ओळ ९. पळसाच्या पत्रावळी, ५ शेकडे
भाव फोटोत दिसतच नाई, रक्कम ९००.०० दिसते, ९०० भागिले ५ = शेकडा १८०. पानाच्या पत्रावळीले टॅक्स ०. ओळीचे ९००.००

ओळ १०. मीठ, ५ किलो, भाव २२
११०.००, टॅक्स ०, ओळीचे ११०.००

आता बेरीज.

मूळ रक्कम: ३,३६० + २,८८० + १,०५० + ६,१५० + ८६० + ७६० + ७२० + ३६० + ९०० + ११० = १७,१५०.००
सूट: ६७.२० + ५७.६० + १८४.५० + ३८ + ३६ = ३८३.३०
सूट काढून: १६,७६६.७०
टॅक्स ५ टक्केवाला: ५२.५० + २९८.२८ + ४३ + ३६.१० + ३४.२० = ४६४.०८
टॅक्स १८ टक्केवाला: ६४.८०
एकूण टॅक्स: ५२८.८८
द्यायचे होते: १७,२९५.५८, राउंड ऑफ ०.४२, म्हंजे १७,२९६

बिलात टॅक्स ६७९.२२ हाय (सीजीएसटी ३३९.६१, एसजीएसटी ३३९.६१), टोटल १७,४४५.९२, राउंड करून १७,४४६.
फरक: तांदळाचे १४१.१२ + तेलाचे ९.२२ = १५०.३४, दोनीकडचं राउंड ऑफ धरून नेमके १५० रुपये.

खाली पेनानं "हमाली ६०" लिवलं हाय, ते छापील टोटलमधी नाई, म्हून दुकानात गेले १७,५०६. वर्गणीच्या वहीत हमाली वेगळी लिवली.

काकाजी, उद्या बाजाराले जातो तं मूळ बिल अन् एक रिकामा कट्टा गाडीवर घेऊन जातो, दुकानदाराले दाखवतो अन् १५० ची क्रेडिट नोट मागतो. भला माणूस हाय, आपले तीन वर्षं तिथूनच हाय. गोपाळभाऊ, तुमच्या पिशवीत तेलाच्या डब्याची वेगळी चिठ्ठी राह्यली असंन तं सकाळी ८ च्या आंधी घरी आणून द्या.