सामग्री विभागाच्या पहिल्या दिवशीचं भाषण

नमस्कार मंडळी,

सगळे आत आलात ना? मागे उभे असलेल्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि एक विनंती, जरा मिसळून बसा. मी इथून बघतेय, डावीकडे अख्खं स्टोअर आणि उजवीकडे अख्खी खरेदी. मधली वाट अशी मोकळी, जणू कुणी फीत लावून आखलीय. असू दे, आज पहिलाच दिवस आहे. पुढच्या बैठकीत मात्र ही वाट दिसता कामा नये.

आजपासून खरेदी विभाग आणि भांडार विभाग असे दोन विभाग कागदावर राहिले नाहीत. सामग्री विभाग हा एकच आहे. स्टोअरचे 14 आणि खरेदीचे 9, मला धरून 23 जण. आपणा सर्वांचं मी मनापासून स्वागत करते. विशेषतः स्टोअरच्या सहकाऱ्यांचं, कारण त्यांच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक आहे: ‘मॅडम खरेदीच्या, म्हणजे आता स्टोअर खरेदीच्या हाताखाली.’ तसं नाही, असं मी नुसतं म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. सहा महिन्यांनी तुम्हीच ठरवा. आज मी फक्त माझ्या बाजूची एक गोष्ट कबूल करते.

गेल्या वर्षी एका ऑइल सीलसाठी दुसऱ्या लाइनवर दीड शिफ्ट काम थांबलं होतं, आठवतंय? प्रॉडक्शनने आम्हाला विचारलं, आम्ही म्हटलं माल चार दिवसांपूर्वी आलाय, गेट एंट्री बघा. स्टोअर म्हणालं स्टॉक शून्य आहे, सिस्टिम बघा. मी एक लांबलचक ई-मेल लिहिला, वर सहा जणांना प्रत ठेवली, आणि ‘स्टोअरच्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द वापरले. नंतर कळलं की माल तपासणीच्या रॅकवर होता. आमच्या ऑर्डरमध्ये जुना मटेरियल कोड गेला होता, त्यामुळे जीआरएन होत नव्हता. स्टोअरने ते आम्हाला कळवलं होतं. आमच्याकडे ज्याच्या मेलवर ते आलं, तो रजेवर होता. म्हणजे गेटवरचं रजिस्टर खरं होतं, स्टॉकचा आकडा खरा होता, स्टोअरने कळवलंही होतं. खोटा होता तो फक्त माझा ई-मेल. त्या शब्दांबद्दल मी तेव्हा कुणाची माफी मागितली नाही. आज सगळ्यांसमोर मागते.

पण माझ्या माफीपेक्षा तो सील महत्त्वाचा आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, त्याचं तसं झालं होतं. तो आपल्या आवारात होता, पैसे लागले होते, माणसं कामावर होती, आणि तरीही तो कुणाचाच नव्हता. खरेदीचं काम गेटपर्यंत, स्टोअरचं काम जीआरएनपासून पुढे. मधल्या वीस पावलांना धनी नव्हता. गेल्या दोन वर्षांत प्रॉडक्शनकडून आलेल्या मोठ्या तक्रारी मी पुन्हा काढून वाचल्या. बऱ्याचशा त्याच वीस पावलांतल्या निघाल्या. हे दोन विभाग एकत्र करा असं वरच्यांना मी सुचवलं ते त्यामुळे. हा निर्णय आकाशातून पडलेला नाही, सुचवणारी मी आहे. फसला तर जाब मला विचारा.

आता एक उदाहरण सांगते. 1999 मध्ये नासाचं मंगळावर पाठवलेलं एक यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, मंगळाजवळ पोचताच नष्ट झालं. कारण काय, तर एका गटाच्या सॉफ्टवेअरमधून इंजिनच्या धक्क्याचे आकडे पौंडात येत होते आणि दुसरा गट ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून दिशा ठरवत होता. दोन्हींत साधारण साडेचार पटींचा फरक. यान ठरल्यापेक्षा फार खालून गेलं. दोन्हीकडे हुशार माणसं होती. आकडे जुळत नाहीत अशी शंका काहींना वाटेतच आली होती, पण ती जिथे पोचायला हवी तिथे नीट पोचली नाही.

स्टोअरवाल्यांनो, हसू नका. आपण दर महिन्याला हेच करतो, फक्त यान पडत नाही. 20 मिलिमीटरचा गोल बार आम्ही टनावर घेतो. तुम्ही तो मीटरवर देता. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला साधारण 2.47 किलो, टनाला 405 मीटर, हा हिशोब इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. पण बार मिलमधून जरा जाड आला, सहनशीलतेच्या मर्यादेत बसणारा असला, तरी टनामागे मीटर कमी भरतात. आम्ही बिलाकडे बघतो, वजन बरोबर. तुम्ही रॅककडे बघता, लांबी कमी. वर्षअखेरीला मोजणीत तूट निघते आणि सगळे स्टोअरकडे वळून बघतात. चोरी नाही, चूक नाही, नुसतं दोन खात्यांचं दोन एककांत बोलणं आहे. म्हणून आपलं पहिलं काम: ज्या वस्तू एका एककात येतात आणि दुसऱ्यात जातात, त्यांची यादी. खरेदीचा एक आणि स्टोअरचा एक, अशा जोडीने बसून करायची. रूपांतराचा आकडा सिस्टिममध्ये एकदाच, दोघांच्या सहमतीने. आणि बार उतरताना वजनाबरोबर लांबीही जीआरएनवर लिहायची. काम वाढेल, मान्य आहे. वर्षअखेरीचे खुलासे लिहिण्यापेक्षा कमीच वाढेल.

एक होणं म्हणजे सगळं एकमेकांत कालवणं नव्हे, हे इथेच स्पष्ट करते. कारण काल एका तरुण सहकाऱ्याने उत्साहाने विचारलं, ‘मॅडम, मग आता मी ऑर्डर केलेला माल मीच उतरवून घेऊन जीआरएन टाकला तर किती वेळ वाचेल!’ वेळ वाचेल, आणि पहिल्याच ऑडिटमध्ये मी उभी राहीन. ज्याने ऑर्डर दिली त्याने माल घ्यायचा नाही. ज्याने माल घेतला त्याने ऑर्डरमध्ये हात घालायचा नाही. बिल अकाउंट्सच पास करणार, तेही ऑर्डर, जीआरएन आणि बिल हे तिन्ही जुळल्यावरच. विभाग एक झाला तरी ही भिंत तशीच उभी राहील. सिस्टिममधले लॉगिनचे अधिकारही तसेच वेगळे राहतील. हा कुणावर अविश्वास नाही. उलट उद्या कुणी बोट दाखवलं तर तुमच्या बाजूने बोलणारा कागद हाच असेल. स्टोअरने ‘माल कमी आहे’ म्हटलं की ते कमीच. तो आकडा बदलून घ्यायला खरेदीचं कुणी फोन करणार नाही. मीसुद्धा नाही.

पेटीत टाकलेल्या तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या. अकरा होत्या. त्यांतल्या सात एकाच प्रश्नाच्या: माणसं कमी होणार का? या एकत्रीकरणात एकही जागा कमी होणार नाही. हे मी व्यवस्थापनाकडून लेखी घेतलं आहे, प्रत आजच फलकावर लागेल. दुसरा प्रश्न ओव्हरटाइमचा. दोन विभागांचे नियम वेगळे होते हे खरं, आणि स्टोअरचे जास्त बरे होते हेही खरं. नवा नियम अजून ठरलेला नाही. ठरेपर्यंत ज्याचा जो होता तोच चालू राहील. महिनाअखेरीपर्यंत मी तुम्हाला लेखी उत्तर देईन, भले ते उत्तर ‘अजून ठरलं नाही’ असंच का असेना. गप्प बसणार नाही. शिफ्ट बदलणार का, यावर आज मी हो किंवा नाही म्हटलं तर ते खोटं ठरेल. आधी दोन महिने गाड्या कोणत्या वेळी येतात ते नोंदवू, मग तुमच्यासमोरच ठरवू.

जागेबद्दल. स्टोअर जिथे आहे तिथेच राहील, माल काही वरच्या मजल्यावर चढणार नाही. खरेदीचे दोघे मात्र सोमवारपासून खाली, जीआरएनच्या टेबलाशेजारी बसतील, दर दोन आठवड्यांनी पाळीपाळीने. पहिल्या पाळीत मी आहे. मला अजून बिन कार्ड धड वाचता येत नाही, हे सहा वर्षं खरेदी सांभाळलेल्या माणसाने सांगणं शोभत नाही, पण आहे ते आहे. स्टोअरच्या दोघांनी वर येऊन व्हेंडरशी होणारी बोलणी ऐकायची. लीड टाइम सहा आठवडे का असतो, कमीत कमी ऑर्डरच्या अटीपायी नको असलेला माल का उचलावा लागतो, हे एकदा प्रत्यक्ष ऐकलंत की ‘खरेदीवाले झोपा काढतात’ हे वाक्य आपोआप बंद होईल. हो, ते माझ्या कानावर आलंय.

आणि थोडी आकडेमोड, मला तिचा नाद आहे. स्टोअरच्या 14 जणांत 91 जोड्या होतात, खरेदीच्या 9 जणांत 36. या ओळखी वर्षानुवर्षांच्या आहेत, कोण कशाने चिडतो, कोण कशाने हसतो, सगळं माहीत असलेल्या. एकत्र आल्यावर नव्या जोड्या किती होतात? 14 गुणिले 9, म्हणजे 126. जवळजवळ जेवढ्या जुन्या तेवढ्याच नव्या, आणि त्या सगळ्या अनोळखी. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने खटके उडतील. एखादा इंडेंट अडकेल, एखादा माल चुकीच्या रॅकवर जाईल, दोघांना वाटेल दुसऱ्याने बघितलं असेल. असं झालं तर माझी एकच अट आहे: आधी उठून जायचं, मग बोलायचं, आणि मेल अगदी शेवटी. वर प्रत ठेवलेला मेल मी पहिले तीन महिने वाचणार नाही. ही शिक्षा आधी मला लागू, कारण असे मेल लिहिण्यात माझा हात धरणारं इथे कुणी नाही.

व्हॉट्सॲपचे दोन जुने ग्रुप मात्र बंद करा असं मी सांगणार नाही. माझ्याबद्दल बोलायला तुम्हाला कुठे तरी जागा हवीच. कामाचं सगळं नव्या ग्रुपवर, एवढंच.

सोमवारी सकाळी सव्वानऊला स्टोअरच्या शटरपाशी भेटू. उभ्याउभ्या दहा मिनिटं: आज काय येणार, काय अडलंय, कोण बघणार. खुर्च्या नाहीत, म्हणजे लांबणार नाही.

माझं झालं. आता स्टोअरचे सर्वांत जुने सहकारी, ज्यांनी मला कामाच्या पहिल्याच आठवड्यात ‘बाई, कोड बघून ऑर्डर टाका’ असं सुनावलं होतं आणि ज्यांचं मी तेव्हा ऐकलं नाही, त्यांना चार शब्द बोलायची विनंती करते. या, माइक इथे आहे.