विषय: दह्याच्या केस स्टडीचं सादरीकरण – आभार आणि सविस्तर विश्लेषण

नमस्कार मॅडम, नमस्कार सर,

काल सादरीकरणासाठी पाऊण तास दिलात, त्याबद्दल दोघांचेही मनापासून आभार. मॅडमनी परतीच्या मालावर नेमकं बोट ठेवलं. तिथे माझं उत्तर अर्धवट राहिलं होतं, ते इथे पूर्ण करते.

कप 20 रुपयांना विकला जातो, खर्च 16, म्हणजे सुटतात 4. शीतव्हॅनचा महिन्याचा खर्च 1,20,000 रुपये. परतीचा माल शून्य धरला तर 30,000 कपांवर खर्च निघतो. स्लाइडवर हाच आकडा होता. पण परत आलेल्या कपाचे पूर्ण 16 रुपये बुडतात. त्यामुळे 5 टक्के परतीला 40,000 आणि 8 टक्क्यांना 50,000 कप पाठवावे लागतात. म्हणून शीतव्हॅनचा नवा मार्ग सुरू करण्याआधी दुकानवार ऑर्डर घटवून परती आटोक्यात आणणं, हा क्रम मला जास्त पटतो.

एक दुरुस्तीही आहे: स्लाइड 6 वरचा 25 टक्के नफा हा खर्चावरचा आहे. विक्रीवर तो 20 टक्केच होतो.

संपूर्ण एक्सेल (गृहीतकं, दुकानवार परती, परतीचा दर बदलून पाहण्याची शीट) आणि 9 पानी टिपण तयार आहे. केसमधली आकडेवारी तुमची असल्याने न विचारता जोडलेलं नाही. ईमेलने पाठवू की तुमच्या पोर्टलवर टाकू, तेवढं कळवावं. वेळ कमी असेल तर टिपणाचं पान 4 पुरेसं आहे.

आपली,
मृणाल