प्रदर्शनाच्या फॉर्मआधी वाचा: हायपोथेसिस कसं लिहायचं आणि तिन्ही चलं कशी ओळखायची

नववीच्या सगळ्यांसाठी. विज्ञान प्रदर्शनाचे फॉर्म शनिवारी जमा करायचेत आणि आत्तापर्यंत आलेल्या कच्च्या फॉर्मांपैकी निम्म्यांत गृहीतकाच्या रकान्यात नुसतं प्रयोगाचं नाव आहे, म्हणजे "दह्याचा अभ्यास", "लंबक" असं. म्हणून हे सगळं उदाहरणांसकट लिहून देतेय. वही घेऊन बसा आणि शेवटची तीन उदाहरणं उत्तर झाकून आधी स्वतः करा.

गृहीतक म्हणा नाहीतर हायपोथेसिस म्हणा, ते प्रयोगाआधी लिहायचं असतं आणि ते चुकू शकलं पाहिजे. "झाडांना संगीत आवडतं" हे चुकूच शकत नाही, कारण आवडणं मोजायचं कशानं? "रोज दोन तास तबला ऐकवलेली मेथी न ऐकवलेल्या मेथीपेक्षा दहा दिवसांत उंच होईल" हे मात्र पट्टी लावून खोटं ठरवता येतं, म्हणून ते चालेल. खरं निघेल की नाही हा नंतरचा प्रश्न. वाक्य असं बसवा: आपण अमुक बदललं, तर तमुक वाढेल किंवा कमी होईल, कारण असं असं. कारण लिहायला लाजू नका, तिथेच तुमचं डोकं दिसतं.

आता चलं. आपण मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल, आणि ते एका प्रयोगात एकच. त्यामुळे जे बदलतं आणि आपण मोजतो ते परतंत्र चल, काही पुस्तकांत त्याला आश्रयी चल म्हणतात. आणि जे बदलू शकलं असतं पण आपण धरून ठेवलं ती नियंत्रित चलं, ती बरीच असतात.

मटकीपासून सुरू करू, ती सगळ्यांच्या घरी असते. एका फॉर्मवर होतं, "उबेत मटकीला चांगले मोड येतात." चांगले म्हणजे? लांब, जास्त, की लवकर? आम्ही वर्गात ते असं केलं: "भिजवलेली मटकी उबदार जागी ठेवली तर 24 तासांत फ्रीजमधल्या मटकीपेक्षा जास्त दाण्यांना मोड येतील, कारण उगवताना दाण्याच्या आत होणाऱ्या क्रिया थंडीत मंदावतात." स्वतंत्र चल जागेचं तापमान. परतंत्र चल 50 दाण्यांपैकी किती दाण्यांना मोड आले तो आकडा, आणि मोड म्हणजे निदान 2 मिलिमीटर बाहेर आलेलं मूळ, हे आधीच ठरवून टाका नाहीतर मोजताना भांडणं होतात. नियंत्रित चलं: एकाच पाकिटातली मटकी, 8 तास भिजवणं, तितकंच ओलं फडकं, 24 तासांनंतरच मोजणं, आणि अंधार. अंधार का? फ्रीज बंद केला की आत अंधार असतो आणि ओट्यावर उजेड, म्हणजे न कळत तुम्ही दोन गोष्टी बदलल्या, मग फरक तापमानाने पडला की उजेडाने हे कुणालाच सांगता येणार नाही. दोन्ही पुरचुंड्या बंद स्टीलच्या डब्यात ठेवल्या की विषय संपला.

लंबकाचं जरा सावकाश वाचा, कारण इथे एक फार छान चूक झाली होती. गेल्या वर्षी एका मुलीचं गृहीतक होतं, "लंबक जड केला तर एका आंदोलनाला जास्त वेळ लागेल." स्वतंत्र चल वस्तुमान, परतंत्र चल 10 आंदोलनांचा वेळ सेकंदांत, नियंत्रित चलं दोऱ्याची लांबी आणि सोडायचा कोन, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. आणि तिचा वेळ खरंच वाढला! पण पुस्तकात तर वस्तुमानाने फरक पडत नाही असं आहे, मग? आम्ही दोघी टेबलाशी वाकून बघत बसलो. तिने दोऱ्याला लोखंडी वॉशर एकाखाली एक असे ओवले होते, त्यामुळे प्रत्येक वॉशरबरोबर वजनाचा मध्य थोडा खाली सरकत होता, आणि लंबकाची लांबी त्या मध्यापर्यंत मोजायची असते, दोऱ्याच्या गाठीपर्यंत नाही. म्हणजे लांबी कागदावर नियंत्रित होती, टेबलावर नव्हती. मग सगळे वॉशर एकाच उंचीवर गठ्ठा करून बांधले आणि वेळ पुन्हा सारखा आला. गृहीतक चुकलं, आणि तिने तसंच लिहिलं, आणि मी तिला पूर्ण मार्क दिले. चुकलेलं गृहीतक खोडू नका, त्याचे मार्क जात नाहीत.

लांबी बदलून केलंत तर आकडे सुंदर येतात. 25 सेंटिमीटरला 10 आंदोलनं साधारण 10 सेकंदांत, 100 सेंटिमीटरला साधारण 20 सेकंदांत. लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट. तेव्हा लांबी हे स्वतंत्र चल होतं आणि वस्तुमान नियंत्रित चलांत जाऊन बसतं. कोन लहानच ठेवा, 10 अंशांच्या आसपास, आणि एकच आंदोलन मोजू नका, स्टॉपवॉच दाबताना बोट मागेपुढे होतं, त्यातली चूक 10 आंदोलनांत वाटली जाते.

दही. "200 मिलिलिटर दुधात विरजण जास्त घातलं तर दही लवकर लागेल, कारण दूध आंबवणारे जिवाणू सुरुवातीलाच जास्त असतील." स्वतंत्र चल विरजण, म्हणजे अर्धा, एक आणि दोन चमचे. परतंत्र चल दही लागायला लागलेला वेळ, आणि लागलं हे कधी म्हणायचं ते लिहा: दर अर्ध्या तासाने वाटी हलकेच कलती करायची, कडेचं दूध वाहिलं नाही की लागलं. नियंत्रित चलं: तेच दूध, सुरुवातीचं 40 अंश तापमान, एकसारख्या वाट्या, एकाच कपाटात, एकाच वेळी. तीन वेगवेगळ्या रात्री करू नका, पुण्यात डिसेंबरात एक रात्र दुसऱ्या रात्रीपेक्षा बरीच गार असू शकते.

इथे बऱ्याच जणांचं अडतं. "मॅडम, वेळ नेहमी स्वतंत्र चल ना, कारण आलेखात खाली असतो?" नाही. मटकीत वेळ नियंत्रित होता, 24 तास ठरलेले. दह्यात तोच वेळ परतंत्र झाला. तापमानाचंही तसंच, मटकीत ते स्वतंत्र, दह्यात नियंत्रित, आणि आता येणाऱ्या माठात परतंत्र. चल कुठलं ते राशीच्या नावावरून कळत नाही, तुम्ही तिचं काय करताय त्यावरून कळतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

माठ. "बाहेरून ऑइलपेंट लावलेल्या माठातलं पाणी साध्या माठातल्या पाण्यापेक्षा कमी गार होईल, कारण छिद्रं बुजल्यामुळे पाणी झिरपून बाष्पीभवन होणार नाही." स्वतंत्र चल बाहेरची छिद्रं उघडी की बुजलेली. परतंत्र चल 4 तासांनंतरचं पाण्याचं तापमान. नियंत्रित चलं एकाच मापाचे माठ, रंगही सारखाच (ऑइलपेंट लाल मातीच्या जवळचा घ्या), 2 लिटर पाणी, तीच खिडकी, झाकण. हवेतला दमटपणा आपल्या हातात नाही, एप्रिलमधली कोरडी हवा आणि जुलैतली ओली हवा यात माठाचं काम फार वेगळं होतं, म्हणून दोन्ही माठ एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवा. हातात नसलेलं चल दोघांनाही सारखं मिळालं की काम भागतं.

सिंहगडाचा प्रयोग ज्यांना करायचाय त्यांनी मोठ्या माणसाला बरोबर न्या. "गडावर पाणी शहरातल्यापेक्षा कमी तापमानाला उकळेल, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो." पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आणि सिंहगड साधारण 1300 मीटरवर, आणि दर 300 मीटरला उत्कलनबिंदू सुमारे 1 अंश उतरतो, म्हणजे फरक अडीच अंशांच्या आसपास यायला हवा. थर्मामीटर दोन्हीकडे तोच हवा, नाहीतर दोन थर्मामीटरमधला फरकच तेवढा असू शकतो. स्वतंत्र चल उंची, परतंत्र चल उकळत्या पाण्याचं तापमान. नियंत्रित चलं म्हणून सगळे "गॅसची आच" लिहितात, पण आच मोठी केली की पाणी लवकर उकळतं, उत्कलनबिंदू तोच राहतो. पाणी मात्र एकच न्या, त्यात मीठ नको, आणि थर्मामीटरचा फुगा पातेल्याच्या बुडाला टेकवू नका.

प्रयोग म्हणजे फक्त भांडी आणि थर्मामीटर असं नाही हं. 2008 साली इथेच पुण्यात जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. गृहीतक सरळ होतं, पत्रिका बघून मूल हुशार की मतिमंद हे ज्योतिषी ओळखू शकतात. 100 आणि 100 अशा 200 मुलांच्या जन्मवेळा आणि जन्मठिकाणं गोळा केली, प्रत्येक ज्योतिष्याला 40 पत्रिका दिल्या. स्वतंत्र चल पत्रिका कुठल्या गटातली, परतंत्र चल बरोबर आलेली उत्तरं, आणि ज्योतिष्याला पत्रिकेशिवाय मुलाबद्दल काहीही कळू न देणं हे सगळ्यात महत्त्वाचं नियंत्रण. नुसतं नाणं उडवलं तरी सरासरी 20 बरोबर येतात, ज्योतिष्यांची सरासरी त्याच्याही खाली आली. मला ही चाचणी फार आवडते, कारण वाद घालण्याऐवजी त्यांनी दावा मोजता येईल अशा वाक्यात आणला.

आता तुमच्यासाठी तीन.

पहिलं. आईच्या ओढणीवर हळदीचा डाग पडला, उन्हात वाळल्यावर तो फिका दिसतो. गृहीतक लिहा, चलं ओळखा.
उत्तर: "हळदीचा डाग 3 तास उन्हात ठेवला तर सावलीतल्या डागापेक्षा फिका होईल, कारण हळदीतला रंग उजेडाने मोडतो." स्वतंत्र चल ऊन की सावली. परतंत्र चल डागाचा गडदपणा, त्यासाठी फिक्यापासून गडद अशी 1 ते 5 रंगपट्टी आधी बनवा आणि कुठला तुकडा उन्हातला हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडून नंबर लावून घ्या. नियंत्रित चलं तेच कापड, हळदीचं तितकंच पाणी, दोन्ही तुकडे न धुतलेले, 3 तास.

दुसरं. साखर गरम पाण्यात लवकर विरघळते का?
उत्तर: स्वतंत्र चल पाण्याचं तापमान, परतंत्र चल पूर्ण विरघळायला लागलेले सेकंद, नियंत्रित चलं पाणी, साखरेचं वजन, दाण्याचा आकार आणि ढवळण्याचा वेग. ढवळणं नव्वद टक्के मुलं विसरतात.

तिसरं. "महागडा बॉल जास्त भारी उसळतो."
उत्तर: हे गृहीतक आधी दुरुस्त करा. भारी म्हणजे किती ते मोजता येत नाही आणि किंमत बदलली की रबर, आकार, वजन सगळंच बदलतं. त्याऐवजी एकच बॉल घ्या: "बॉल जास्त उंचीवरून सोडला तर जास्त उंच उसळेल, कारण पडताना त्याला जास्त ऊर्जा मिळते." स्वतंत्र चल सोडायची उंची, परतंत्र चल पहिल्या उसळीची उंची सेंटिमीटरमध्ये, नियंत्रित चलं तोच बॉल, तीच फरशी, ढकलायचा नाही नुसता सोडायचा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा, मागे भिंतीला टेप चिकटवा.

प्रत्येक प्रयोग निदान तीनदा करा आणि तिन्ही आकडे लिहा, नुसती सरासरी नको. फॉर्मवर परतंत्र चलासमोर एकक नसेल तर मी फॉर्म परत देणार आहे. शुक्रवारी मधल्या सुट्टीत लॅबमध्ये असेन, कच्चं गृहीतक घेऊन या, आपण बसून नीट करू.