विषय: तांबट आळीची पोर्ट्रेट मालिका

प्रिय मैथिली,

काल रात्री बाराही फोटो मोठ्या स्क्रीनवर पाहिले. स्पष्टच लिहिते, कारण तुझ्या या कामात जीव आहे.

चौथा फोटो सर्वांत उत्तम. मठारकाम करणारे आजोबा, दारातून एका बाजूने येणारा उजेड, डोळ्यातला तो बारीक चमकता ठिपका आणि हातोडी धरलेल्या बोटांवरची काजळी. इथे तू घाई केलेली नाहीस, हे दिसतं.

बाकी बऱ्याच फोटोंत माणसं तुझ्यासाठी हसली आहेत. कॅमेरा समोर आला की माणूस सावरून बसतोच. त्यांना काम करू दे, तू गप्पा मारत राहा. सावरलेला चेहरा सैल पडला की मग क्लिक कर.

दुसरा आणि नववा तांत्रिकदृष्ट्या फसलेत. ८५ मिमी लेन्स, एफ १.८ आणि इतक्या जवळून, म्हणजे फोकसला जागाच उरत नाही. दोन्हीकडे चष्म्याची फ्रेम धारदार आणि डोळे मऊ आलेत. एफ ४ वर जा, हवं तर आयएसओ वाढव. थोडा ग्रेन चालेल, हुकलेले डोळे नाही. आणि त्वचा इतकी गुळगुळीत करू नकोस गं! भट्टीसमोर आयुष्य काढलेल्या माणसाच्या सुरकुत्या पुसायच्या नसतात.

बारातून सातच ठेव. आजोबांकडे प्रिंट घेऊन परत जा आणि तेव्हा त्यांच्या सुनेचा फोटो काढ. पाचव्यात ती मागे उभी आहे, नजर थेट तुझ्याकडे.

शनिवारी वर्गात नवी निवड घेऊन ये.

अंजली मॅडम