जगातले धर्म: उजळणी दिवसाची संघ-प्रश्नमंजूषा (संचालकाची प्रत)

अमळनेर, इयत्ता अकरावी. संघ चार: तापी, गिरणा, बोरी, पांझरा. प्रत्येकी पाच जण, उत्तर फक्त कर्णधाराचे. फळ्यावर गुण लिहिणारा कोणत्याच संघाचा नसावा. उत्तर देताना ‘आपला धर्म’, ‘त्यांचा धर्म’ म्हणायचे नाही, धर्माचे नाव घ्यायचे. चुकले की २ गुण वजा.

फेरी १: सरळ प्रश्न. बरोबर १०, पुढच्या संघाकडे गेला तर ५. वेळ २० सेकंद.
तापी: नागपूरच्या धम्मदीक्षेची तारीख? (१४ ऑक्टोबर १९५६)
गिरणा: अजिंठ्याच्या २६व्या लेण्यातली पहुडलेली भव्य बुद्धमूर्ती कोणता प्रसंग दाखवते? (महापरिनिर्वाण. सहलीला गेलेल्यांना हे यायलाच हवे.)
बोरी: हिजरी सन कोणत्या घटनेपासून मोजतात? (पैगंबरांचे मक्केहून मदिनेला स्थलांतर, इ.स. ६२२)
पांझरा: येशूच्या पुनरुत्थानाचा सण? (ईस्टर)

फेरी २: पाचाचा घोळ. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात, म्हणून ही फेरी घाईत उरकू नका. प्रत्येक संघाला १५ चिठ्ठ्यांचा पिसलेला गठ्ठा द्या. तीन मिनिटांत तीन ढीग लावायचे. योग्य चिठ्ठीला २ गुण, चुकीची १ वजा, न लावलेली शून्य.
इस्लामचे स्तंभ: शहादा, नमाज, जकात, रोजा, हज.
जैनांची महाव्रते: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह.
शिखांचे ककार: केश, कंघा, कडा, कच्छा, कृपाण.
‘शहादा’ चिठ्ठी निघाली की कोणीतरी नंदुरबारची एसटी पकडणारच. हसू द्या, पण वेळ थांबवू नका. महाव्रते हीच योगसूत्रातले यमही आहेत, अशी हरकत एखाद्या संघाने घेतली तर ती मान्य करून ५ गुण जादा द्या.

फेरी ३: मी कोण? धर्म ओळखा. पहिल्या खुणेवर ३०, दुसरीवर २०, तिसरीवर १० गुण. चुकलेला संघ त्या कोड्यापुरता बाद.
कोडे अ: माझा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. / कोकणातल्या माझ्या माणसांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. / माझा ग्रंथ तोरा. (ज्यू. पहिल्या खुणेवर ‘इस्लाम’ म्हणणारे भेटतील. तिथेही दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो, पण तो संघ बाद.)
कोडे ब: विचार, उच्चार, आचार, तिन्ही चांगले हवेत. / माझा पवित्र अग्नी उदवाड्याला आहे. / माझे प्रेषित झरथुष्ट्र. (पारशी)

फेरी ४: ताट-चमचा. बझर नाही, स्टीलचे ताट वाजवा. आधी वाजवेल त्याचे उत्तर. विधान बरोबर असेल तर ‘बरोबर’ म्हटल्यास १० गुण. चूक असेल तर नुसते ‘चूक’ म्हटल्यास ५, दुरुस्तीसह १०. या फेरीत चुकले तर ५ वजा.
महावीर पहिले तीर्थंकर. (चूक, ऋषभदेव. महावीर २४वे.)
गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची पदे आहेत. (बरोबर)
नवा करार मुळात हिब्रूत लिहिला गेला. (चूक, ग्रीकमध्ये.)
शिंतो हा चीनमधला धर्म. (चूक, जपानमधला.)

बरोबरी झाल्यास: गुरू ग्रंथसाहिबची छापील पाने किती? दोन्ही संघांनी आकडा कागदावर लिहायचा. १४३०च्या जवळचा जिंकला. बक्षीस केळीचे वेफर्स, पाकीट हॉलबाहेर फोडायचे.